वडाळ्याला गाडी कुठे वळते?

हार्बर मार्गावर सीएसएमटीहून निघालेली लोकल वडाळा रोडपर्यंत एकाच वाटेने जाते. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी आणि मग वडाळा रोड, असा स्टेशनांचा ठरलेला क्रम आहे. वडाळ्याच्या पुढे मात्र रुळांना दोन फाटे फुटतात. एक गुरू तेग बहादूर नगर, चुनाभट्टी, कुर्ला करत मानखुर्द, वाशी आणि पनवेलकडे जातो. दुसरा किंग्ज सर्कलवरून माहीम गाठून वांद्रे, अंधेरी, गोरेगावकडे जातो. वडाळ्यात राहणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे कुणी शिकवलेले नसते. आईबरोबर फलाटावर उभे असताना इंडिकेटर वाचून ‘ही आपली नाही’ असे तो स्वतःच सांगतो. संगणकाला एखादे काम सांगायचे तर तीन गोष्टी लागतात. पायऱ्यांचा क्रम ठरवावा लागतो, तीच पायरी पुन्हा पुन्हा करायला सांगावी लागते आणि एखाद्या ठिकाणी अट तपासून वाट निवडावी लागते. या तिन्ही गोष्टी त्या मुलाच्या रोजच्या प्रवासात आहेत. म्हणून संगणकाविना कोडिंग कसे शिकवावे, याचा विचार इथे हार्बर मार्ग वर्गाच्या फरशीवर आखून करायचा आहे.

संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याची कल्पना नवी नाही. न्यूझीलंडमधील टिम बेल यांनी इयन विटन आणि माइक फेलोज यांच्यासह १९९८ मध्ये पत्ते, खडू आणि दोरी घेऊन करायच्या कृतींचे पुस्तक काढले, आणि ‘अनप्लग्ड’ हा शब्द तिथून रूढ झाला. भारतात एसीएम इंडिया ही संगणकतज्ज्ञांची संघटना २०१६ पासून ‘सीएस पाठशाला’ या उपक्रमातून अशाच कृती शाळांपर्यंत नेते आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कोडिंगच्या कृती माध्यमिक टप्प्याआधीच्या सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी ठेवल्या. त्याआधीच्या वर्षांत कोडी आणि खेळांमधून गणिती विचार रुजवावा, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे पहिली ते पाचवीच्या शिक्षिकेकडे संगणक नसला तरी ती धोरणाच्या मागे पडलेली नाही. प्रश्न आहे तो त्या तासात नेमके काय करायचे, हा.

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर म्हणजे चित्रांच्या चिठ्ठ्या. दात घासणे, आंघोळ, डबा, शाळा अशी चित्रे मुलांना देऊन क्रमाने लावायला सांगतात आणि याला तर्कशुद्ध विचार म्हणतात. मला हे पुरेसे वाटत नाही. रोजचा क्रम मुलाला आधीच माहीत असतो. तो चित्रे बरोबर लावतो, कारण त्याला दिनक्रम आठवतो. त्यासाठी त्याला विचार करावा लागला असे त्यावरून ठरत नाही. क्रम लावता येणे ही पहिली पायरी आहे खरी, पण विचाराला सुरुवात होते ती लावलेला क्रम चुकल्यावर, नेमका कुठे चुकला हे शोधताना. माझे म्हणणे एवढेच आहे की संगणकाविना कोडिंगचा तास सूचना देण्यासाठी आखू नये, चूक शोधण्यासाठी आखावा. या म्हणण्याला बऱ्यापैकी भक्कम आधार आहे, आणि तो एका अपयशातून मिळालेला आहे.

१९६७ मध्ये अमेरिकेत सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पडद्यावरच्या कासवाला पुढे जा, वळ अशा आज्ञा देऊन मुले चित्रे काढत. पॅपर्ट यांचा आग्रह असे की मुलाने आधी स्वतः कासव व्हावे, चौकोन जमिनीवर चालून पाहावा आणि मग आज्ञा लिहाव्यात. संगणकाविना कोडिंगचे मूळ मला त्या चालण्यात दिसते. लोगो शिकलेली मुले इतर कामांचेही नियोजन अधिक चांगले करू लागतील, अशी मोठी आशा तेव्हा होती. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४ मध्ये ती तपासली. वर्षभर लोगो केलेल्या मुलांना वर्गाचा नकाशा दाखवून त्यांनी कामे नेमून दिली. फळा पुसायचा, झाडांना पाणी घालायचे, खुर्च्या आत सरकवायच्या, अशी ती कामे होती. कमीत कमी चालून ती उरकण्याची योजना मुलांनी आखायची होती. लोगो शिकलेली मुले न शिकलेल्यांपेक्षा सरस ठरली नाहीत.

एवढ्यावर विषय संपला असता. पण १९८८ मध्ये डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी तोच प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. त्यांनी आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना लोगोबरोबर एक पद्धत मुद्दाम आणि उघडपणे शिकवली, ती होती चूक शोधण्याची. जे व्हायला हवे होते आणि जे झाले ते शेजारी ठेवायचे. त्यांतला फरक शब्दांत सांगायचा. असा फरक कोणत्या प्रकारच्या चुकीमुळे पडतो याचा अंदाज बांधायचा. ती चूक आज्ञांमध्ये कुठे असू शकेल ती जागा शोधायची, तेवढीच दुरुस्त करायची आणि पुन्हा चालवून पाहायचे. मग त्या मुलांना संगणकाशी संबंध नसलेल्या, चूक असलेल्या लेखी सूचना दुरुस्त करायला दिल्या, उदाहरणार्थ नकाशावर कुठे कसे जायचे याच्या. इथे मात्र शिकलेले कामाला आले. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. नुसत्या आज्ञा देण्याच्या सरावातून दुसरे काही आपोआप सुधारत नाही. चूक शोधण्याची रीत वेगळी काढून शिकवली, तर ती मुलांबरोबर दुसऱ्या कामातही जाते. आणि ती रीत शिकवायला संगणक लागतच नाही.

आता वर्गाकडे येऊ. साहित्य थोडेच लागते: खडू, जुन्या वह्यांचे पुठ्ठे आणि स्केचपेन. फरशीवर सीएसएमटीपासून वडाळा रोडपर्यंत आठ गोल एका रेषेत काढावेत. वडाळ्यापासून दोन रेषा फुटतात. एका रेषेवर गुरू तेग बहादूर नगर आणि चुनाभट्टी, दुसऱ्या रेषेवर किंग्ज सर्कल आणि माहीम, एवढीच स्टेशने पुरतात. हार्बर निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. इथल्या गाड्या प्रत्येक स्टेशनला थांबतात, त्यामुळे फास्ट-स्लोचा गोंधळ सुरुवातीलाच मध्ये येत नाही. मुलांचे तिघांचे गट करावेत. एक मूल आज्ञा लिहिते. दुसरे मोटरमन होऊन ती मोठ्याने वाचते. तिसरे गाडी होऊन चालते. गाडीच्या गळ्यात गाडी कुठे जाणार त्याची पाटी असते. आज्ञा तीनच असतात: ‘पुढच्या स्टेशनवर जा’, ‘अमुक वेळा कर’ आणि ‘जर पाटी अशी असेल तर’. ‘डावीकडे वळ, उजवीकडे वळ’ या आज्ञा पहिल्या दिवशी टाळाव्यात. समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा डावा हात आपल्या उजव्या बाजूला येतो, हे सात-आठ वर्षांच्या मुलाला अजून सहज कळत नाही. मग चूक आज्ञेत आहे की डाव्या-उजव्यात, हे कुणालाच सांगता येत नाही. वळण्याऐवजी ‘किंग्ज सर्कलकडे जा’ असे नाव घेणे बरे.

सगळा खेळ एका नियमावर उभा आहे. गाडीने स्वतःची अक्कल वापरायची नाही. लिहिलेले तेवढेच करायचे, आणि जे करता येत नाही तिथे थांबून हात वर करायचा. हा नियम पाळायला अतिशय कठीण आहे. आपल्या मैत्रिणीला वडाळ्याला पोहोचायचे आहे हे गाडी झालेल्या मुलीला ठाऊक असते, म्हणून एक पाऊल कमी पडले तर ती गुपचूप पुढे सरकते. आज्ञा चुकीच्या असूनही गाडी बरोबर ठिकाणी पोहोचते, सगळे टाळ्या वाजवतात आणि कुणीच काही शिकत नाही. संगणक असे कधी करत नाही. माणूस समजून घेतो, हा त्याचा गुण इथे अडचणीचा होतो. उपाय सोपा आहे. गाडी नेहमी दुसऱ्या गटातली घ्यावी आणि कुठे पोहोचायचे आहे ते तिला सांगू नये. अडचण टळते, आणि आपण जे लिहिले ते आपला हेतू माहीत नसलेल्या माणसालाही कळायला हवे, हे लिहिणाऱ्याला पहिल्यांदाच जाणवते.

पहिले काम साधे ठेवावे: सीएसएमटीला उभ्या असलेल्या गाडीला वडाळ्याला न्या. बहुतेक गट आठ स्टेशने मोजतात आणि ‘८ वेळा पुढच्या स्टेशनवर जा’ असे लिहितात. गाडी चालू लागते. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा, अशी सात पावले होतात, पण आज्ञा आठव्या पावलाची आहे आणि वडाळ्यापुढे दोन वाटा आहेत. गाडी तिथेच थांबून हात वर करते. आता शिक्षिकेने उत्तर सांगू नये, उपाय विचारू नये. फक्त फरक विचारावा: गाडी कुठे असायला हवी होती आणि आत्ता काय झाले? ‘बाई, ती बरोबर वडाळ्याला आलीय, पण आज्ञा उरलीय.’ किती उरली? एक. म्हणजे चूक मोठी नाही, एकाचीच आहे. स्टेशने आठ असली तर त्यांच्यामधली अंतरे किती? मुलाने बोट ठेवून मोजले की सात येतात. आपण मोजली स्टेशने आणि गाडी चालली अंतरे, ही गोष्ट इथे उघडी पडते. पाच खांबांमधल्या कुंपणाचे चार तुकडे, सोमवार ते शुक्रवार यांमधल्या चार रात्री, ही सगळी याच जातीची मोजणी आहे. व्यवसायाने कोड लिहिणारे तज्ज्ञसुद्धा एकाने चुकण्याच्या या फेऱ्यात वारंवार सापडतात. म्हणून ही चूक पहिल्याच दिवशी व्हावी असा तास आखणे मला योग्य वाटते. ती टाळण्यासाठी आधीच सूचना देऊन टाकणे म्हणजे धड्याचा गाभाच काढून घेणे.

दुसरे काम अटीचे आहे. गाडी वडाळ्याच्या पुढे एक स्टेशन जावी, पण कुठल्या बाजूला ते तिच्या गळ्यातल्या पाटीवर ठरावे. पनवेल आणि अंधेरी अशा दोन पाट्या दिल्या, की बहुतेक गटांचे लिखाण साधारण असे होते:

```
७ वेळा: पुढच्या स्टेशनवर जा
जर पाटी = पनवेल: गुरू तेग बहादूर नगरकडे जा
नाहीतर: किंग्ज सर्कलकडे जा
```

दोन्ही पाट्यांवर हे चालते आणि मुलांना वाटते काम झाले. इथे शिक्षिकेने तिसरी पाटी काढावी: वाशी. वाशीची गाडी आज्ञा तंतोतंत पाळते, वडाळ्याला पाटी पाहते, ती ‘पनवेल’ नाही हे तपासते आणि किंग्ज सर्कलकडे वळते. वर्गात एकच आरडाओरडा होतो, कारण वाशी कुठल्या बाजूला आहे हे वडाळ्यातल्या मुलांना पक्के माहीत असते. स्थानिक उदाहरणाचा फायदा इथे दिसतो. कुठल्या तरी काल्पनिक बेटावरच्या खजिन्याचा खेळ असता, तर चूक झाली हे कळण्यासाठी मुलांना शिक्षिकेच्या तोंडाकडे पाहावे लागले असते. इथे ती त्यांना स्वतःलाच दिसते.

या चुकीचे मूळ ‘नाहीतर’ या शब्दात आहे. रोजच्या बोलण्यात ‘नाहीतर’ म्हणजे ‘आपल्या मनात असलेला दुसरा पर्याय’. आज्ञेत मात्र ‘नाहीतर’ म्हणजे ‘उरलेले सगळे काही’. मुलाच्या मनात दोनच गाड्या होत्या, पण त्याने लिहिले सगळ्या गाड्यांबद्दल. दुरुस्ती दोन प्रकारे होऊ शकते आणि दोन्ही वर्गात येऊ द्याव्यात. काही मुले ‘पनवेल किंवा वाशी’ असे जोडतात. मग शिक्षिका बेलापूरची पाटी काढते आणि यादी पुन्हा वाढवावी लागते. एखादे मूल बाजू उलटवते: ‘जर पाटी वांद्रे, अंधेरी किंवा गोरेगाव असेल तर किंग्ज सर्कल, नाहीतर गुरू तेग बहादूर नगर.’ ते बेलापूरला चालते, पण त्याच्याही डोक्यावर एक प्रश्न टांगता राहतो. पाटीवर नुसते ‘वडाळा’ लिहिले तर? तिथेच संपणारी गाडी या आज्ञेप्रमाणे जिथे जायला नको तिथे जाते. हे शोधायला मुलांनी एक सवय लावून घ्यायला हवी: आपले लिखाण बरोबर आहे हे दाखवणारी पाटी शोधण्याऐवजी ते मोडेल अशी पाटी शोधायची. या खेळातले सर्वांत मोलाचे काम कोणते असे विचारले, तर मी हेच सांगेन. एका गटाने लिहावे आणि दुसऱ्याने अडवणारी पाटी तयार करावी, एवढा बदल केला की तिसरी-चौथीच्या मुलांना त्यात गोडी वाटू लागते.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप असा की हा खेळ आहे, यातून संगणक येत नाही. हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील एका हायस्कूलमध्ये बेल यांच्या पद्धतीच्या कृती करून पाहिल्यावर २०११ मध्ये तिथल्या अभ्यासकांनी फारसे यश आले नाही असेच नोंदवले. त्या वयाच्या मुलांना प्रत्यक्ष संगणक हवा होता. पण लहान वयात चित्र वेगळे दिसते. माद्रिदच्या दोन प्राथमिक शाळांत पाचवी-सहावीच्या मुलांवर झालेल्या २०१७ च्या अभ्यासात, संगणकाविना कृती केलेल्या गटाची विचारप्रक्रिया मोजणाऱ्या चाचणीत लक्षणीय सुधारणा झाली, तर नेहमीचेच तास घेतलेल्या गटाची झाली नाही. त्यातली अडचण अशी की दुसऱ्या गटाने त्या वेळात काहीच नवे केले नव्हते, त्यामुळे फरक कृतीमुळे पडला की नुसत्या वेगळेपणामुळे, हे सांगता येत नाही. याहून उपयोगी पुरावा स्पेनमधल्याच २०२० च्या दुसरीच्या मुलांवरील अभ्यासाचा. तिथे दोन्ही गटांनी काम केले. एकाने सुरुवातीपासून संगणकावर, दुसऱ्याने आधी संगणकाविना आणि मग संगणकावर. दुसरा गट पुढे गेला. म्हणून संगणकाविनाचे तास संगणकाला पर्याय नाहीत, ते त्याच्या आधीचे तास आहेत. ज्या शाळेत चौथीला संगणककक्ष मिळणार आहे, तिथे तिसरीत फरशीवर गाडी चालवलेली मुले कमी अडखळतील अशी अपेक्षा यावरून धरता येते. जिथे कक्ष कधीच मिळणार नाही, तिथे या खेळाने संगणक आला असा दावा कुणी करू नये.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. आज्ञा पाळणारे मूल, अक्कल वापरू नकोस असा नियम. ही तर यंत्रासारखी माणसे घडवण्याची शिकवणी झाली, असे काही शिक्षक म्हणतात. मुलाला पूर्ण तास गाडी करून ठेवले तर हा आक्षेप बरोबर ठरेल. म्हणून भूमिका फिरत्या ठेवायच्या. गाडी होण्याचा अनुभव पाच मिनिटांचा असतो, आणि त्यातून मुलाला यंत्राला काय दिसत नाही हे कळते. यंत्राला वाशी कुठे आहे हे माहीत नाही, त्याला फक्त पाटीवरची अक्षरे दिसतात. ही मर्यादा ज्याने स्वतः अनुभवली, त्याला लिहिताना यंत्राला काय सांगायचे राहिले हे आपणहून सुचते. माणसाची समज आणि यंत्राची आज्ञाधारकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आठव्या वर्षी फरशीवर कळलेले बरे.

तिसरी अडचण वर्गाच्या आकाराची. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक वर्गांत ३० मुलांमागे एक शिक्षक हवा, आणि प्रत्यक्षात वर्ग त्याहून मोठेही असतात. तीस मुलांचे दहा गट एकाच वेळी फरशीवर चालू लागले तर गोंगाटाशिवाय काही होणार नाही. तेव्हा एका वेळी दोनच मार्ग आखावेत, म्हणजे सहाजण फरशीवर आणि उरलेले जागेवर. जागेवरच्या प्रत्येक गटाकडे वहीत तोच मार्ग आणि नाण्याएवढी पुठ्ठ्याची गाडी असावी. शिक्षिकेने प्रत्येक गटाच्या चुका सुधारत फिरू नये. तिने दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावे. मूल चुकलेली आज्ञा खोडून सगळी नव्याने लिहिते आहे का? तसे असेल तर त्याला चूक कुठे आहे हे कळलेले नाही, ते फक्त पुन्हा नशीब आजमावते आहे. आणि दुरुस्तीनंतर गाडी पुन्हा सीएसएमटीहूनच सुरू होते का, की चुकलेल्या जागेवरून पुढे ढकलली जाते? मधूनच सुरू केली तर दुरुस्तीमुळे आधीचे काही बिघडले आहे का, हे कळतच नाही. एकच ओळ खोडून ती बदलणारे आणि गाडी सुरुवातीपासून चालवणारे मूल दिसले, तर क्लार आणि कार्व्हर यांची रीत त्याला उमगली आहे असे मानायला हरकत नाही.

हे पुरते जमल्यावर एक उलटा प्रवास द्यावा: गोरेगावहून एक गाडी आणि पनवेलहून दुसरी, दोन्ही सीएसएमटीला जाणाऱ्या. मुले आपल्या जुन्या आज्ञा उलट्या क्रमाने लिहू लागतात आणि वडाळ्याला अट लिहायला जाऊन थबकतात. इथे पाटी पाहायची गरजच नाही. किंग्ज सर्कलहून या किंवा गुरू तेग बहादूर नगरहून, वडाळ्यानंतर शिवडीच आहे. जाताना जिथे सगळ्यांत अवघड प्रश्न होता तिथे येताना प्रश्नच नाही, हे बघून मुले थोडी गोंधळतात. मग शिक्षिका दोन्ही गाड्या एकाच वेळी चालवते, आणि दोन मुले वडाळ्याच्या एकाच गोलात समोरासमोर येऊन उभी राहतात. आधी कोण जाणार, हे त्यांच्या आज्ञांमध्ये कुठेच लिहिलेले नसते. त्यासाठी सिग्नल लागतो, आणि तो पुढच्या तासाला.